बदली चालेल का?

दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मी फोनवरचं 'नको' दाबलं. बटण दबलं, त्याचा रंग बदलला, आणि विषय संपला असं समजून मी फोन पुन्हा उपडा ठेवला. प्रश्न साधाच होता. मागवलेली बिनवासाची धुण्याची पावडर दुकानात संपली आहे, त्याऐवजी त्याच कंपनीची सुगंधी पावडर चालेल का? चालणार नव्हती. बाबांच्या कातडीला कसलाही कृत्रिम वास सोसत नाही. कोपराच्या खोबणीत, मानेवर, जिथे जिथे कपडा घासतो तिथे लाल चट्टे उठतात, आणि मग रात्री भिंतीपलीकडून खाजवण्याचा एकसुरी आवाज येत राहतो. सहाच्या सुमाराला सामान आलं. पिशवीत हात घालायच्या आधीच मला कळलं, कारण वास आधी आला. कुठल्याच फुलाला नसतो असा, फुलांचा म्हणून विकला जाणारा तो वास. आत तीच सुगंधी पावडर होती आणि फोनवर माझं 'नको' अजूनही तसंच, रंग बदलून, निमूट बसलेलं होतं.

मग विचारलं तरी कशाला?

रागाच्या भरात मी फोन चाळायला घेतला. पहिला निरोप ४:२५ ला आलेला. आठवण ४:३१ ला. आणि ४:४० ला एक फोन, अनोळखी नंबरचा, जो मी कापला होता. कामाची बैठक चालू होती, आणि अनोळखी नंबर म्हणजे कर्ज देणारे किंवा विमा विकणारे हे आता अंगवळणी पडलंय. तो नंबर दुकानाचा होता हे कळल्यावर रागाचा पाय जरा घसरला, पण पुरता पडला नाही. कारण त्याच ऑर्डरीत आणखी दोन गोष्टी झाल्या होत्या. दुधाचा दोन लिटरचा डबा नव्हता, तर एक लिटरचे दोन पाठवले होते, मला काही न विचारता. आणि सोयादूध नव्हतं, तर त्याजागी काहीच पाठवलं नव्हतं. नुसते पैसे परत. तेही न विचारता. ते सोयादूध मैत्रिणीच्या सात वर्षांच्या मुलीसाठी होतं. ती रात्री आमच्याकडे राहायला येणार होती आणि तिला साधं दूध पचत नाही. म्हणजे एका वस्तूला विचारलंच नाही आणि बरोबर वागले, दुसरीला विचारून चूक केली, आणि तिसरीला ना विचारलं ना काही दिलं. एकाच पिशवीत तीन वस्तू आणि तीन न्याय.

हा हिशेब मला सुटेना. रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याच्यापुढे फोनच ठेवला. तो अशाच एका मोठ्या दुकानात तीन वर्षं ऑर्डरी गोळा करत होता, आता एका पाळीचं काम बघतो. दुकान वेगळं, पण धंदा तोच. मला वाटलं होतं तो माझी बाजू घेईल. त्यानं वेळा वाचल्या, बोटं मोडली आणि म्हणाला, "मावशी, तुला त्यांनी अठरा मिनिटं दिली. पुष्कळ दिली."

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. आपण घरी बसून मानतो की दुकानात कुणीतरी आपल्या ऑर्डरीपुढे उभं आहे आणि आपल्या उत्तराची वाट बघतंय. तिथे उभं कुणीच नसतं, सगळे चालत असतात. एका ट्रॉलीवर तीन-चार घरांचे क्रेट असतात, हातात स्कॅनर असतो, आणि स्कॅनरवरची यादी आपण मागवलेल्या क्रमानं नसून दुकानाच्या गल्ल्यांच्या क्रमानं येते. आधी जड आणि कोरडं सामान, साबण, पावडरी, पिठं. मग थंड कपाटातलं. अगदी शेवटी गोठवलेलं, म्हणजे ते बाहेर कमीत कमी वेळ राहतं. वस्तू जागेवर दिसली नाही तर माणूस वरची फळी बघतो, शेजारची बघतो, कधी मागच्या गोदामात कुणाला विचारतो, आणि मग स्कॅनरवर 'नाही' नोंदवतो. स्कॅनर लगेच एक-दोन पर्याय सुचवतो. त्यातला एक तो उचलतो, स्कॅन करतो आणि आपल्या क्रेटमध्ये ठेवतो. त्या क्षणी आपल्या फोनवर प्रश्न उमटतो. म्हणजे 'चालेल का?' असं आपण वाचतो तेव्हा ती बदली वस्तू आपल्या पिशवीच्या वाटेला लागलेलीही असते. मला हे ऐकून चीड आली. भाचा म्हणाला की फळीवर ठेवून पुढे गेलं तर पाच मिनिटांनी तीही दुसरं कुणी उचलून नेतं, आणि उत्तर 'हो' आलं की एवढ्यासाठी सगळं दुकान उलटं चालत यावं लागतं.

आता वेळेचं. मी समजत होते की उत्तरासाठी काहीतरी ठरलेली मुदत असणार, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही ठिकाणी असतेही. पण भाच्याच्या दुकानात आणि बहुधा माझ्याही, मुदत म्हणजे त्या माणसाचं उरलेलं चालणं. माझी पावडर पहिल्या गल्ल्यांत संपलेली आढळली, म्हणून मला अठरा मिनिटं मिळाली. ४:२५ ला प्रश्न, मग थंड कपाटं, साधारण ४:३७ ला गोठवलेल्या मालापाशी, ४:४० ला शेवटचा प्रयत्न म्हणून फोन, ४:४३ ला ऑर्डर बंद. पाचला गाडी निघते. तेच जर शेवटच्या कपाटातलं काही संपलेलं असतं तर मला सहा मिनिटंसुद्धा मिळाली नसती. वस्तू दुकानात कुठे ठेवली आहे यावर आपल्याला विचार करायला किती वेळ मिळणार हे ठरतं, ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. गोठवलेल्या गोष्टींना सर्वांत कमी सवड.

"थांबले असते थोडे," मी म्हटलं.

"कुणासाठी? ट्रॉलीवर तुझ्यासारखी अजून तीन घरं होती. तुझ्या पावडरीसाठी तिसऱ्या घराचे गोठवलेले वाटाणे वितळवायचे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या तिसऱ्या घराचा मी कधी विचारच केला नव्हता. माझा मौनाचा वेळ कुणाच्या तरी वाटाण्यांवर पाणी होऊन जमा होत होता.

पण थांबायचं नाही एवढं ठरलं, तरी पुढे काय करायचं हे ठरत नाही. उत्तर आलेलं नाही, ऑर्डर बंद करायची आहे, वस्तू ठेवायची की काढायची? इथे तो ट्रॉलीवाला माणूस फारसं ठरवत नाही. ऑर्डर बंद करताना स्कॅनर प्रत्येक अनुत्तरित प्रश्नाला आपला नियम लावतो. पहिल्यांदा बघतो की ग्राहकानं ऑर्डर देतानाच काही सांगून ठेवलंय का. प्रत्येक वस्तूखाली बारीक अक्षरात 'न मिळाल्यास' असं काहीतरी असतं आणि आपण ते कधीच उघडत नाही. उघडलं नाही की तिथे दुकानानं आधीच लावून ठेवलेली खूण राहते, आणि ती बहुतेक वेळा 'जवळचा पर्याय पाठवा' अशी असते. मी ती बदलली नव्हती. म्हणजे माझं उत्तर ४:२५ ला नव्हे, आदल्या रात्री, अंथरुणात पडून ऑर्डर देताना देऊन झालं होतं. फोनवरचा प्रश्न म्हणजे, ते उत्तर फिरवायचं असेल तर फिरवा, अशी सवलत होती. प्रश्नाच्या वाक्यरचनेवरून मात्र असं मुळीच वाटत नाही. 'चालेल का?' असं विचारणाऱ्याला आपण गप्प बसलो तर तो 'नाही' समजेल, अशी माणसाची साधी अपेक्षा असते.

लहानपणी आई मला यादी देऊन पाठवायची तेव्हा तिच्या यादीला नेहमी शेपूट असायचं. अमुक नसेल तर तमुक आण, तेही नसेल तर तसाच परत ये, आपलं डोकं चालवू नकोस. 'आपलं डोकं चालवू नकोस' हे विशेष जोरात. एकदा मी चालवलं. तिनं सांगितलेली जाड सुई नव्हती म्हणून चांगली चकचकीत बारीक सुई आणली. गोधडीला टाका घालताना ती दोनदा मोडली आणि आई काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला आता कळतंय की तिची यादी किती पक्की होती. वस्तू कशासाठी हवी आहे ते तिला माहीत होतं आणि मला नव्हतं, म्हणून मला ठरवू न देणं हाच तिचा नियम.

दुकानालाही हे माहीत नसतं. भाच्याला मी विचारलं की बिनवासाच्या पावडरीला सुगंधी पावडर हा 'जवळचा पर्याय' कुठल्या शहाण्याला वाटला. तो हसला. "यादीच्या दृष्टीनं बघ. कंपनी तीच, वजन तेच, किंमत तीच, मशीनही तेच. फरक फक्त वासाच्या रकान्यात. एकीत गुलाब लिहिलंय, दुसरीत लॅव्हेंडर, तिसरीत 'बिनवास'. तोही एक वासच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आमच्या घरी 'वास नसणं' हाच त्या पावडरीचा सगळा अर्थ. यादीत तो गुलाबाशेजारचा एक प्रकार. आणि बदली मोजताना सगळे रकाने जुळत असताना एक जुळला नाही तर तो पर्याय उत्तमच ठरतो. बिनसाखर, बिनमीठ, बिनवास, असं काहीतरी नसण्यासाठीच आपण ज्या वस्तू घेतो, त्या सगळ्यांची हीच गत होत असणार. त्या वस्तूंची गरज असलेलं माणूस बहुधा आजारी असतं, ही त्यातली खोच.

मग सोयादुधाला वेगळा न्याय का? भाच्यानं माझा फोन घेतला, ऑर्डरीचा तपशील उघडला, आणि सोयादुधाखाली एक बारीक ओळ दाखवली, जी मी पाहिलीच नव्हती. सुचवलेला पर्याय: बदामाचं दूध. पाठवलेला: काही नाही. तो म्हणाला की मशीननं अर्थातच बदाम सुचवलं असणार, वनस्पतींची दुधं एका कप्प्यात, आकार तोच, किंमतही आसपास. पण शेंगदाणे, बदाम-काजू, दूध, अंडी, गहू, सोया अशी ज्यांची अ‍ॅलर्जी माणसांना असते ती नावं बदली वस्तूत नव्यानं येत असतील, तर त्याच्या दुकानात तिथे कुलूप आहे. ग्राहकाचा स्पष्ट होकार आला तरच ती वस्तू क्रेटमध्ये जाते. मौन चालत नाही. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीलाही तसंच कुलूप. मला न विचारण्याचं कारणही त्यानं अंदाजानं सांगितलं, आणि ते ऐकून मला थोडं लाजल्यासारखं झालं. थंड कपाटांपाशी तो माणूस पोचला तेव्हा माझा पावडरीचा प्रश्न दहा-अकरा मिनिटं अनुत्तरित पडला होता. जी बाई पहिल्या प्रश्नाला उत्तर देत नाही तिला होकाराशिवाय न हलणारा दुसरा प्रश्न विचारून काय उपयोग? त्यानं सरळ पैसे परत केले.

मैत्रिणीच्या मुलीला काजू-बदामाचीही अ‍ॅलर्जी आहे. डबे तसेच पांढरे, अक्षरं तशीच हिरवी. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात पावडर होती.

मी ते पेल्यात ओतलं असतं.

पैसे परत केल्याबद्दल मी ज्याच्या नावानं बोटं मोडली होती तो माणूस कोण, मला माहीत नाही. स्कॅनरवरचं कुलूप की त्याचं डोकं, तेही माहीत नाही. पावडरीच्या बाबतीत मात्र कुलूप नव्हतं, आणि का नव्हतं हे आता दिसतं. धोका तोंडातून आत जातो, असं त्या नियमाचं गृहीत. कातडीतून जाणारा धोका त्यात बसत नाही. पावडर खाण्याची वस्तू नाही, म्हणून निर्धोक, म्हणून पुढे चला. शिवाय ती परत घेता येते. हा दुसरा हिशेब भाच्यानं फार साधेपणानं सांगितला. जी वस्तू दारातून परत आली तर पुन्हा फळीवर ठेवता येते तिच्या बाबतीत दुकान सहज पुढे जातं. थंड किंवा गोठवलेली वस्तू गाडीतून फिरून परत आली की सहसा ती विकता येत नाही, टाकावी लागते. म्हणून तिथे हात आखडतो. दुधाच्या दोन डब्यांना तर विचारण्यासारखं काहीच नव्हतं. दूध तेच, एकूण माप तेच, फक्त भांडी दोन. लहान डबे मिळून थोडे महाग पडतात, पण तो फरक त्यांनी माझ्या बिलात लावला नव्हता. बदली महाग पडत असेल आणि फरक ग्राहकाकडून घ्यायचा असेल तर मात्र विचारावं लागतं, नाहीतर भांडण दारात येतं.

राहिलं माझं ४:५८ चं 'नको'. त्याचं काय झालं? भाच्याच्या मते काहीच नाही. ऑर्डर ४:४३ ला बंद झाली, क्रेटला चिकटपट्टी लागली, पण माझ्या फोनवरचं प्रश्नाचं पान तसंच उघडं राहिलं. त्या पानाला ऑर्डर बंद झाल्याचं कुणी कळवलं नाही. नीट बांधलेल्या ठिकाणी ऑर्डर बंद होताच बटणं नाहीशी होतात आणि तिथे 'आता दारात परत करा' अशी ओळ येते, किंवा उशिरा आलेलं 'नको' गाडीवाल्याच्या यादीत जातं आणि तो ती वस्तू आपणहून बाजूला काढतो. माझ्या बाबतीत बटणानं फक्त रंग बदलला. मला सर्वांत जास्त बोचलं ते हेच. पावडर चुकीची येणं मी समजू शकते, पण माझं उत्तर घेतल्यासारखं करणं?

आणि तरी, दारातली संधी मला मिळाली होती. सामान आणणारा मुलगा पिशव्या ठेवताना म्हणाला होता, "एक बदली आहे, बघून घ्या." मी दाराच्या कडीला हात लावून, बैठकीतला राहिलेला विषय डोक्यात घेऊन म्हटलं, "हो हो, ठेव." तो दोन क्षण थांबला होता, हे मला आता आठवतं. ते दोन क्षण माझेच होते.

भाचा जाताना आणखी एक गोष्ट बोलून गेला, चपला घालता घालता. माणूस किती वस्तू मिळवतो आणि तासाला किती उचलतो, दोन्ही मोजलं जातं. 'नाही, पैसे परत' जितकं जास्त, तितकं पहिलं माप घसरतं. बदली दिली की वस्तू मिळाल्यात जमा. आणि ग्राहकानं बदली परत केली नाही तर ती स्वीकारल्यात जमा. म्हणजे मी गप्प राहिले, दारात 'ठेव' म्हटलं, तर कुठल्यातरी तक्त्यात बिनवास आणि सुगंधी ही जोडी जुळली अशी नोंद झाली असेल, आणि पुढच्या कुणाला तरी, ज्याच्या घरीही कुणी रात्री खाजवत बसतं, तीच बदली थोड्या अधिक आत्मविश्वासानं सुचवली जाईल. मौनं संमतिलक्षणम् असं आपण लग्नाळू पोरींबद्दल थट्टेनं म्हणायचो. ते कुणीतरी मोजमापात बसवेल असं वाटलं नव्हतं. मी रात्रीच बसून ती पावडर परतीला टाकली, कारणाच्या चौकटीत 'बदली मान्य नव्हती' निवडलं. पैशासाठी नव्हे, त्या तक्त्यातली माझी एक नोंद पुसायला.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी हुंगून नाक मुरडलं आणि "हे काय आणलंस" एवढंच विचारलं. त्या आठवड्यात त्यांचे कपडे मी नुसत्या कोमट पाण्यात बुचकळून काढले.

आता ऑर्डर द्यायला मला दुप्पट वेळ लागतो. प्रत्येक वस्तूखालची बारीक ओळ उघडते. पीठ: कुठल्याही कंपनीचं चालेल. साबण: चालेल. पावडर: बदली नको. सोयादूध: बदली नको. काही वस्तूंपाशी अडते. चहाचं काय? दुसरा चहा चालेल की नको, हे मला खरंच माहीत नसतं. पुडा फोडून पहिला घोट घेईपर्यंत कसं कळावं? तिथे मी 'मला विचारा' असं निवडते आणि मग ठरलेल्या वेळेआधीचा तासभर फोन उताणा ठेवते. अनोळखी नंबरही उचलते. गेल्या आठवड्यात दोन आले. पहिला कर्जवाल्या बाईचा होता. तिचं पूर्ण ऐकून घेतलं, कारण कापायचा धीर झाला नाही. दुसऱ्यावर मागे ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट होता आणि एक घाईचा आवाज म्हणाला, "मॅडम, बिनवासाची पावडर आज एकच पाकीट आहे. तुम्ही दोन मागवलीत. दुसऱ्याच्या जागी काही देऊ?"

"नको," मी म्हटलं. "एकच द्या."

"बरं," तो म्हणाला, आणि चाकं पुढे गेली.